केसाएवढ्या ताणावर फिरणारं चाक

चालत्या गाडीचं चाक निखळलं की रस्त्याच्या कडेला जमलेली मंडळी लगेच निदान करतात. कुणी म्हणतं स्टड हलक्या मालाचे होते, कुणी म्हणतं पंक्चरवाल्यानं नट नीट मारले नाहीत, आणि एखादा जाणता गृहस्थ खड्ड्यांवर आणि सरकारवर घसरतो. एवढ्यात मालक सांगतो, "अहो, परवाच तर सर्व्हिसिंग करून आणली!" ते ऐकून सगळे हळहळतात. तपासणाऱ्याचे कान मात्र नेमके याच वाक्याला टवकारतात, कारण चाक सहसा मनात आलं म्हणून निघत नाही. ते कधीतरी काढून पुन्हा बसवलेलं असतं आणि त्या बसवण्यातच काहीतरी राहून गेलेलं असतं.

गैरसमज: चाकाचं वजन स्टडवर तोललेलं असतं. म्हणून चाक निघालं म्हणजे स्टड कमजोर होते.

दिसायला तसंच दिसतं खरं. हबमधून चार-पाच स्टड बाहेर आलेत, त्यांवर रिम अडकवलीय, म्हणजे खुंटीला पिशवी टांगावी तसं चाक टांगलेलं असणार असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात रिमचं भोक स्टडपेक्षा थोडं मोठं असतं आणि नीट बसवलेल्या चाकात स्टडला आडवा भार जवळजवळ येतच नाही. नट आवळला की स्टड लांबीत किंचित ताणला जातो. ताणलेला स्टड आखडू पाहतो आणि त्या ओढीनं रिम हबच्या तोंडावर घट्ट दाबली जाते. चाक जागेवर राहतं ते या दाबातून येणाऱ्या घर्षणामुळे.

आकडे घेऊन पाहू. छोट्या गाडीचा स्टड बहुधा 12 मिमी जाडीचा असतो आणि नट साधारण 110 न्यूटन-मीटर टॉर्कनं आवळायचा असतो. जुन्या मापात हे 11 किलो-मीटरच्या आसपास होतं. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढ्या टॉर्कनं एका स्टडमध्ये सुमारे साडेचार टनांचा ताण येतो. चार स्टडचे मिळून 18 टन झाले. घर्षण अगदी बेताचं धरलं तरी रिमला हबवर सरकवायला अडीच टनांहून जास्त जोर लागेल, आणि चाकावर मुळात भार असतो अडीचशे-तीनशे किलोचा. खड्डे, ब्रेक, वळणं हे सगळं पचवून भरपूर राखीव उरते. डिझाइन कंजूष नाही.

कंजूष आहे ती ताणाची लांबी. साडेचार टनांची ओढ असतानाही तो स्टड लांबतो किती? रिमच्या जाडीत आणि आसपास मिळून त्याचा सुमारे 25 मिमीचा भाग ताणला जातो, आणि पोलादाच्या गुणधर्मावरून हिशोब केला तर हे लांबणं 0.06 मिमीच्या घरात येतं. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतकं. नट आणि हब यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढं काहीही दबलं, झिजलं किंवा चुरा होऊन निघून गेलं, तर नट जराही न फिरता ते 18 टन विरून जातात. पुढच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ हा आकडा माहीत नसण्यात आहे.

गैरसमज: सर्व्हिसिंगनंतर शंभर किलोमीटरवर "नट टाइट करायला या" म्हणतात, ते गिऱ्हाईक परत बोलावण्याची युक्ती.

मी अपघातातल्या गाड्या तपासतो. त्यांतली एक इथे उलगडून दाखवतो, कारण तिच्यात सगळी साखळी सलग दिसते. छोटी हॅचबॅक, पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली. टोलनाक्याजवळ वेग कमी होत असताना मागचं डावं चाक निघालं आणि ड्रम डांबरावर घासत गाडी थांबली. सुदैवानं कुणाला लागलं नाही. मालकाची तक्रार साधी होती: दोन स्टड तुटलेत, म्हणजे स्टड खराब होते. काही आठवड्यांपूर्वी त्यानं अलॉय रिमांना काळं पावडर कोटिंग करून घेतलं होतं आणि एका टायरच्या दुकानात चाकं परत चढवून घेतली होती. दुकानदारानं परत यायला सांगितलं होतं, हा गेला नव्हता.

चार स्टडपैकी दोन जागेवर होते, पण त्यांचे नट गायब होते. त्यांचे आटे एका बाजूनं घासून सपाट झाले होते. उरलेले दोन ड्रमच्या तोंडाशी तुटले होते, आणि दोन्ही तुटींची तोंडं वेगळी होती. एकीचा मोठा भाग मळकट, गुळगुळीत होता आणि त्यावर कडेपासून आत सरकत गेलेल्या कमानींच्या रेषा होत्या. ही थकव्याची तूट. चीर रोज थोडी थोडी आत सरकत गेली आणि शेवटी उरलेला कोपरा एका दमात तुटला. दुसऱ्या स्टडची तूट पूर्ण खरबरीत, ताजी आणि चकचकीत होती. तो अखेरच्या क्षणी एकट्यानं भार घेऊन गेला.

मग रिम उलटी केली. हबला टेकणाऱ्या तोंडावर पावडर कोटिंगचा जाड थर होता. रंगवणाऱ्यानं ते तोंड झाकायचे कष्ट घेतले नव्हते. प्रत्येक भोकाभोवती रंग दबून, काही ठिकाणी पापुद्रे निघून, खालचं अॅल्युमिनियम चमकत होतं. भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती, आणि त्यांच्या आतल्या भिंतीवर स्टडच्या आट्यांचे वण उमटले होते. ड्रमच्या तोंडावर गंजाच्या खपल्या होत्या, त्यांतल्या काहींचा भुगा झाला होता.

आता क्रम लावता येतो. पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा, म्हणजे 0.06 ते 0.1 मिमीचा असतो. नट आवळला तेव्हा सगळं घट्ट वाटलं, कारण रंगही घट्टच होता. पण रंग म्हणजे धातू नव्हे. ब्रेकची उष्णता आणि रस्त्याचे दणके बसले की तो दाबाखाली पसरतो, भुगा होऊन निघून जातो. त्याच्या मागे गंजाची खपलीही चुरते. त्या थरातला निम्मा जरी दबला तरी स्टडचा निम्मा ताण गेलाच. या टप्प्यावर एकही नट एक अंशानंही फिरलेला नसतो. ताण उतरला तसं घर्षण उतरलं आणि चाक प्रत्येक फेऱ्याला हबवर इकडून तिकडे केसभर सरकू लागलं. नट सुटायला लागतात ते इथून. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं प्रयोगानं दाखवून दिलं की नट-बोल्टच्या जोडाला आडवं सरकणं मिळालं तर नट आपोआप उलटा फिरत जातो. त्याला कुणी पाना लावावा लागत नाही. दोन नट असे निघून गेले, उरलेल्या दोन स्टडवर आडवा भार आला, एक थकून तुटला आणि दुसऱ्याला वेळच मिळाला नाही.

म्हणजे स्टड तुटल्यामुळे चाक निघालं नाही. ते आधी सैल झालं, आणि सैल झाल्यामुळे स्टड तुटला. ही उलटी वाटणारी गोष्ट मालकाला पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. शेवटी त्याचं बोट धरून त्या लांबट भोकाच्या कडा चाचपायला लावल्या, तेव्हा तो गप्प झाला.

दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे तो पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत गेला असता तर नट पुन्हा फिरले असते, रंगानं खाल्लेला ताण भरून निघाला असता आणि बहुधा पुढचं काही घडलं नसतं. बहुधा म्हणतो, कारण इतका जाड रंग पुन्हा दबू शकतो. खरा उपाय ते तोंड घासून धातूपर्यंत स्वच्छ करणं हाच होता. पण फेरआवळणी असते ती नेमकी या बैठकीसाठी. रंग, गंज, धूळ, मशीनच्या कामाची राहिलेली कोर असं जे काही मध्ये असेल ते पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसून घेतं. ब्रिटनमधल्या जड वाहनांसाठीच्या मानक संहितेत चाक बसवल्यावर अर्ध्या तासानं, किंवा 40 ते 80 किलोमीटर चालल्यावर, टॉर्क पुन्हा तपासावा असं लिहिलेलं आहे. अर्धा तास का? गाडी उभी असतानाही थोडी बैठक होते म्हणून. मोटारींसाठी 50 ते 100 किलोमीटरचा नियम चालतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि बरेच दुकानदार त्याचे पैसे घेतही नाहीत.

गैरसमज: जेवढा घट्ट तेवढा सुरक्षित.

एल पान्यावर उभं राहून उडी मारणारा मदतनीस आपण सगळ्यांनी पाहिलाय. "साहेब, आता जन्मात सुटणार नाही," असं तो म्हणतो आणि आपल्यालाही बरं वाटतं. सत्तर किलोचा माणूस 30 सेंमीच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तर टॉर्क होतो 200 न्यूटन-मीटरच्या वर, जवळजवळ दुप्पट. पान्यात पाइप घालून दांडा 60 सेंमी केला तर चौपट. एअर गनचं तर विचारूच नका. ट्रकच्या नटांसाठी ठेवलेली गन मोटारीच्या नटावर चार-पाच सेकंद धरली की तिला थांबवणारं काही नसतं.

पोलादाची एक सीमा असते. तिच्या आत ताणलं तर सोडल्यावर ते मूळ लांबीला परत येतं, पलीकडे ताणलं तर लांबच राहतं. आपल्या 12 मिमीच्या स्टडमध्ये योग्य आवळणीला साडेचार टन असतात. स्टडच्या प्रतीनुसार पाच-सहा ते आठ टनांच्या दरम्यान कुठेतरी ही सीमा येते. दुप्पट टॉर्कला ती ओलांडली जाणं अगदी शक्य आहे. स्टड आता कायमचा लांबलाय आणि आट्यांमध्ये एका जागी किंचित बारीक झालाय.

यातली फसवी गोष्ट अशी की ताणलेला स्टड त्या दिवशी काहीच तक्रार करत नाही. चाक घट्ट बसलेलं असतं. खेळ सुरू होतो तो पुढच्या वेळी. आट्यांमधलं अंतर आता नटाच्या आट्यांशी जुळत नाही. नट फिरवताना आटे एकमेकांना खरडतात आणि पान्याचा बराचसा जोर त्या खरडण्यातच जातो. तसं पाहिलं तर चांगल्या स्टडवरही टॉर्कचा सुमारे दहावा हिस्साच ताणात उतरतो, बाकी नव्वद टक्के नटाच्या बुडाखालचं आणि आट्यांमधलं घर्षण खातं. खराब आट्यांवर ते घर्षण वाढलं की पाना सांगतो 110, आणि स्टडमध्ये ताण असतो निम्माही नाही. कारागिरानं सगळं नियमानं केलेलं असतं आणि तरी चाक सैल असतं. म्हणजे आजच्या अपघाताचं कारण दोन सर्व्हिसिंगपूर्वी कुणीतरी मारलेल्या उडीत असू शकतं.

असा स्टड ओळखायचा कसा? नवा, चांगला नट हातानं फिरवून बघायचा. चांगल्या स्टडवर तो बोटांनी बुडापर्यंत जातो. ताणलेल्यावर काही आटे सहज जातो आणि मध्येच अडतो. दुसरी खूण आवळताना हाताला कळते: पाना जड होत जायला हवा, पण एका जागी तो जड व्हायचा थांबतो आणि नट लोण्यात फिरल्यासारखा फिरत राहतो. असं जाणवलं तर तो स्टड बदलायचा, "अजून अर्धा फेरा देऊ" असं म्हणायचं नाही. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचेही बदलायचे, कारण त्यांनी शेजाऱ्याचा भार वाहिलाय. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच. ट्रकवाल्यांमध्ये हा जुना नियम आहे, मोटारीत तो पाळताना मी फार कमी वेळा पाहिलाय.

गैरसमज: टॉर्क रेंचनं "टक्" वाजवून दाखवलं, म्हणजे आवळणी बरोबर.

सर्व्हिस सेंटरच्या काचेपलीकडून हे दृश्य फार आश्वासक दिसतं. कारागीर गननं चारही नट मारतो, मग टॉर्क रेंच घेऊन एकेका नटावर टक्, टक्, टक्, टक् करतो, आणि कागदावर खूण होते. पण रेंच सांगते एवढंच की नटावर किमान ठरवलेला टॉर्क आहे. गननं आधीच 250 मारले असतील तर 110 ला लावलेली रेंच नट तसूभरही न हलवता खुशाल टक् वाजवेल. जास्तीचं मोजणं तिच्या स्वभावातच नाही.

पाहायचं ते हे की टक् वाजण्यापूर्वी नट थोडा फिरतो का. नट हातानं लावायचे, पान्यानं किंवा कमी जोराच्या गननं टेकवायचे, समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे, गाडी जॅकवरून उतरवायची आणि शेवटचा घास टॉर्क रेंचनं द्यायचा. त्या शेवटच्या घासात नट फिरलाच पाहिजे. फेरआवळणीच्या वेळी मात्र नट आधी सैल करायचा नाही, नुसती रेंच लावायची. लगेच टक् वाजलं तर बैठक झालीच नाही किंवा नगण्य झाली. थोडा फिरून वाजलं तर ज्यासाठी आलो ते काम झालं.

गैरसमज: नटाला ग्रीस लावावं, म्हणजे गंजत नाही आणि पुढच्या वेळी सहज निघतो.

कोकणात तर हा सल्ला हमखास मिळतो, आणि गंजलेल्या नटाशी पावसात झटापट केलेल्याला तो पटतोही. अडचण अशी की मॅन्युअलमधला आकडा बहुतेक मोटारींसाठी कोरड्या आट्यांचा असतो. ग्रीसमुळे घर्षण घटतं, आणि त्याच 110 मध्ये साडेचार टनांऐवजी सहा-सात टनांचा ताण येऊ शकतो. म्हणजे टॉर्क रेंच काटेकोर वापरूनही स्टड सीमेपलीकडे गेला. नटाच्या उतरत्या बुडाला ग्रीस लागलं तर आणखी वाईट. गंज घालवायला तारेचा ब्रश पुरतो.

याला अपवाद आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. ट्रक-बसच्या ज्या नटाला स्वतःचा फिरता वॉशर असतो, त्याच्या वॉशर आणि नटाच्या सांध्यात तेलाचे एक-दोन थेंब सोडायला निर्मातेच सांगतात. तिथला 600-700 न्यूटन-मीटरचा आकडा तेल धरूनच दिलेला असतो. तेव्हा ट्रकवर शिकलेला हात मोटारीवर तसाच चालवू नये, आणि उलटही नाही.

गैरसमज: सगळे नट सारखेच. आटे जुळले की झालं.

आटे जुळतात, बूड जुळत नाही. बहुतेक मोटारींचे नट निमुळत्या बुडाचे असतात. होंडाच्या मूळ रिमांना गोल बुडाचे नट लागतात, फोक्सवॅगन-स्कोडाला गोल बुडाचे बोल्ट. टोयोटाच्या काही अलॉय रिमांना सपाट वॉशरचे नट येतात. बाहेरून नवी अलॉय घेतली आणि जुनेच नट लावले, तर गोल बूड निमुळत्या खाचेत एका बारीक रेषेवर टेकतं. सगळा दाब त्या रेषेवर येतो, मऊ अॅल्युमिनियम खचतं, आणि पुन्हा तोच केसभर ताण नाहीसा. नट किती आटे धरतो तेही मोजावं. 12 मिमीच्या स्टडला दीड मिमीचे आटे असतील तर किमान आठ फेरे बसायला हवेत. चाक बाहेर दिसावं म्हणून मध्ये स्पेसर घालणाऱ्यांच्या गाडीत पुष्कळदा पाच-सहाच बसतात.

गैरसमज: चाक अचानक निघतं, आधी काही कळत नाही.

कळतं, पण आपण त्याला दुसरं नाव देतो. सैल चाक कमी वेगात फेऱ्याच्या तालावर टक-टक करतं. वेग वाढला की टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ते बुडतं, आणि माणसाला वाटतं की गेलं एकदाचं. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग थरथरतं आणि ब्रेक लावताना किंवा वळणावर ती थरथर बदलते. टायरच्या बॅलन्सिंगची थरथर अशी बदलत नाही, ती वेगाशी बांधलेली असते. मागचं चाक असेल तर स्टिअरिंगला काही लागत नाही, फक्त सीटखाली हलका धक्का जाणवतो. म्हणूनच मागची चाकं जास्त वेळ फसवतात. वर सांगितलेल्या गाडीचा मालकही म्हणाला की आवाज येत होता, पण त्याला शॉक अॅब्सॉर्बरचा संशय आला होता.

गाडी उभी असताना नटांकडे पाहावं. नटाखालून बाहेर पसरलेले गंजाचे फराटे, किंवा भोकाभोवती रंग घासून उघडा पडलेला चकचकीत धातू दिसला तर तिथे रिम सरकतेय. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. जागेवरच नट आवळून हळू जायचं हा पर्याय फक्त तेव्हाच, जेव्हा आवाज नुकताच सुरू झालाय आणि चाक काढून पाहिल्यावर भोकं गोल आहेत. भोक लांबट झालेली रिम कितीही आवळली तरी पुन्हा सैल होणार, ती भंगारातच जायला हवी.

गैरसमज: डावं चाक जास्त निघतं कारण ते खड्ड्यातून आणि रस्त्याच्या कडेनं जातं.

आपल्याकडे डावीकडून गाडी चालते, म्हणून हे स्पष्टीकरण पटतं. पण कॅनडात गाड्या उजवीकडून चालतात, तिथे रस्त्याच्या कडेला असतं ते उजवं चाक, आणि तरीही तिथल्या ट्रकांची डाव्या बाजूचीच चाकं जास्त निघाल्याचं आढळलं. ब्रिटनमध्येही डावीच. म्हणजे कारण खड्ड्यात कमी, आट्यांच्या दिशेत जास्त. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. चाक सरकू लागलं की भोकातल्या त्या घोळत्या हालचालीचा रेटा नेहमीच्या आट्यांच्या नटाला डाव्या बाजूला सोडवण्याच्या दिशेनं लागतो आणि उजव्या बाजूला आवळण्याच्या. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात ते याच कारणानं. अमेरिकेत क्रायसलर कंपनी 1970 च्या आसपासपर्यंत मोटारींच्या डाव्या चाकांना उलटे आटे देत असे आणि जुन्या ट्रकांमध्येही ही पद्धत होती. उलट्या नटाला सुलट समजून स्टड पिळून तोडणाऱ्यांची संख्या बघता ती मागे पडली याचं मला नवल वाटत नाही. शिवाय ताण पुरेसा असेल तर चाक सरकतच नाही, आणि सरकलं नाही तर आट्यांची दिशा कोणतीही असो.

गैरसमज: नव्या गाडीला हे होत नाही.

2022 मध्ये टोयोटानं बीझेडफोरएक्स ही आपली कोरी विजेवरची गाडी बाजारात येताच जगभरातून परत बोलावली. सुमारे 2,700 गाड्या होत्या. कारण हेच, की हबचे बोल्ट सैल होऊन चाक निखळू शकतं. कारखान्यातली आवळणी, नवे बोल्ट, सगळं असूनही जोड ताण धरत नसेल तर वय मदतीला येत नाही.

गैरसमज: चाक निघालं म्हणजे नटांचीच चूक.

हा गैरसमज आतापर्यंतच्या मजकुरानं पक्का होऊ नये म्हणून लिहितो. निखळलेलं चाक सापडलं की पहिल्यांदा त्याच्या मध्याकडे पाहावं. नट आणि हब किंवा ड्रम त्याला चिकटून आलेले असतील तर नट निर्दोष आहेत, बेअरिंग गेलंय. तिथे आधी घूं-घूं आवाज येतो, हब हाताला पोळेल इतकं तापतं, जळक्या ग्रीसचा वास येतो. पुढचं चाक गाडीखाली आडवं मुडपलेलं असेल तर बहुधा खालच्या बॉल जॉइंटनं दगा दिलाय.

दोष नटांचा असो वा बेअरिंगचा, सुटलेलं चाक जीवघेणं ठरू शकतं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नव्वदच्या दशकात ट्रकांची सुटलेली चाकं समोरच्या गाड्यांवर आदळून माणसं मेली. टायरसकट शंभर किलोच्या आसपासचं ते धूड असतं. 1997 मध्ये तिथे कायदा झाला की ट्रकचं चाक रस्त्यावर निघालं तर वाहतूकदार दोषीच, "आम्ही सगळी काळजी घेतली होती" हा बचाव चालणार नाही. दंड 50,000 डॉलरपर्यंत. कडक वाटतो, पण चाकाची आवळणी हे काम नंतर सिद्ध करायला फार अवघड आहे आणि आधी करायला फार सोपं, असा त्यामागचा विचार असावा.

ट्रक-बसच्या नटांवर बाणासारखे पिवळे प्लॅस्टिकचे दर्शक लावतात, एकमेकांकडे तोंड करून. नट फिरला की बाणाचं तोंड वळतं आणि ड्रायव्हरला चालता चालता दिसतं. उपयोगी वस्तू आहे, पण तिचा आवाका ओळखून. रंग किंवा गंज दबून उतरलेला ताण तिला दिसत नाही, कारण तेव्हा नट फिरलेलाच नसतो. नट फिरायला लागल्यावरही, आपल्या 12 मिमीच्या स्टडचं गणित धरलं तर, ताण संपायला 15 अंश पुरतात, रिमचं दबणं धरून थोडे जास्त. नुसत्या डोळ्यांना एवढं वळण सहज निसटतं. म्हणून दर्शक लावलेल्या गाडीलाही फेरआवळणी चुकत नाही.

रात्री महामार्गावर स्टेपनी चढवली असेल तर जवळ टॉर्क रेंच नसते. तेव्हा ड्रमचं आणि रिमचं तोंड फडक्यानं पुसायचं, नट हातानं आठ फेरे लावायचे, गाडी खाली घेऊन गाडीबरोबर आलेल्या पान्यानं, पाइप न लावता आणि वर न चढता, हाताच्या पूर्ण जोरानं समोरासमोर आवळायचे. 25 सेंमीच्या पान्यावर चाळीस किलोचा जोर आला की जवळजवळ 100 न्यूटन-मीटर होतात, म्हणजे तो पाना याच हिशोबानं बनवलेला असतो. पुढच्या पेट्रोल पंपावर पुन्हा हात मारायचा आणि गावात पोहोचल्यावर रेंच लावून घ्यायची. पहिल्या तपासणीत नट थोडे फिरले तर काळजी नाही. दुसऱ्या तपासणीतही फिरले तर ती बैठक नव्हे. चाक काढायचं आणि भोकं, बूड, स्टड तपासायचे.